स्वागताचे भाषण : पाहुण्यांची दोन मिनिटे

डिसेंबर उजाडला की नाशिकच्या शाळांमध्ये दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. मैदानावर गॅदरिंगच्या नाचांची तालीम रंगते आणि वर्गात भाषेच्या तासाला एक कार्यपत्रिका हातात पडते. तिच्यावरचा प्रश्न साधारण असा असतो : ‘तुमच्या शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून तुम्हाला स्वागतपर भाषण करायचे आहे. ते लिहा.’ खाली चारपाच मुद्दे दिलेले असतात. प्रश्न सोपा वाटतो, मुले पानभर लिहितात, आणि बहुतेक उत्तरांत स्वागत सोडून बाकी सगळे असते.

याचे कारण मुलांच्या भाषेपेक्षा मराठी कार्यक्रमाच्या रचनेत शोधावे लागते. आपल्याकडे समारंभाची कामे वाटून दिलेली असतात. दीपप्रज्वलन आणि प्रतिमापूजन झाले की ईशस्तवन, मग स्वागतगीत. त्यानंतर स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, अहवालवाचन, पारितोषिक वितरण, पाहुण्यांचे मनोगत, अध्यक्षीय भाषण आणि शेवटी आभार. शाळेगणिक क्रम थोडा इकडेतिकडे होतो, पण खाती तीच राहतात. या सगळ्यांना एकत्र बांधणारा सूत्रसंचालक वेगळा. 2019 मध्ये आलेल्या अकरावीच्या युवकभारतीत तर सूत्रसंचालनावर स्वतंत्र पाठच आहे.

स्वागताचे भाषण लिहिणाऱ्याने पहिल्यांदा या यादीतले आपले खाते ओळखायचे. शाळेने वर्षभरात काय केले हे अहवालात येते. कार्यक्रम का आणि कसा ठरला हे प्रास्ताविकात. पाहुण्यांच्या पदव्या, पुरस्कार आणि पदे परिचयात. शाल, श्रीफळ, गुलाबपुष्प कोण कोणाला देणार हे सूत्रसंचालक सांगतो. मंडपवाल्यापासून पोलीस ठाण्यापर्यंत सर्वांचे ऋण आभाराच्या भाषणात मान्य होते. एवढे काढून टाकल्यावर स्वागताकडे एकच काम उरते : जे आले आहेत त्यांना, ‘तुम्ही आलात हे आम्ही पाहिले आणि त्याचा आम्हाला आनंद झाला,’ हे पटेल अशा शब्दांत सांगणे. हे काम दोन मिनिटांत होते. पाच मिनिटे लागली, तर दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यात हात गेला आहे असे समजावे.

स्वागताध्यक्षांचा नमुना इथे चालत नाही

मोठ्या माणसांची भाषणे ऐकून मुले लिहायला शिकतात, आणि इथेच एक अडचण येते. मराठी समाजाने स्वागताला एक मोठे पदच देऊन ठेवले आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाला अध्यक्षाबरोबर स्वागताध्यक्षही असतो. नाशिकने हे संमेलन 1942 मध्ये पाहिले, तेव्हा अध्यक्ष आचार्य अत्रे होते. 2005 मध्ये केशव मेश्राम होते. डिसेंबर 2021 मध्ये 94वे संमेलन आडगावच्या भुजबळ नॉलेज सिटीत झाले, तेव्हा डॉ. जयंत नारळीकर अध्यक्ष होते आणि छगन भुजबळ स्वागताध्यक्ष.

स्वागताध्यक्ष यजमान गावाच्या वतीने बोलतो. पाहुण्यांची सोय, खर्च, मांडव यांची जबाबदारी त्याच्या शिरावर असते, म्हणून त्याच्या भाषणात गावाचा इतिहास, तिथली परंपरा, संमेलन इथेच का भरले, हे सगळे शोभते. बाहेरगावाहून आलेल्या रसिकाला ती माहिती हवीही असते. शाळेच्या मैदानावर बसलेले पालक मात्र त्याच गावचे असतात. त्यांना नाशिकची ओळख करून देण्याची गरज नसते. नववीतल्या मुलाने स्वागताध्यक्षाच्या थाटात भाषण केले की ते ऐकणाऱ्याला पाठांतर वाटते.

त्यामुळेच नाशिकमधल्या असंख्य उत्तरांची सुरुवात एकसारखी होते : ‘प्रभू श्रीरामचंद्रांच्या पदस्पर्शाने पावन झालेल्या, गोदामाईच्या कुशीत वसलेल्या, कुसुमाग्रजांच्या या पुण्यनगरीत जमलेल्या सर्व सुजाण रसिकहो...’ यातले काहीच खोटे नाही. अडचण अशी की हेच वाक्य पतसंस्थेच्या वार्षिक सभेत, रक्तदान शिबिरात आणि शेजारच्या शाळेच्या गॅदरिंगलाही जसेच्या तसे चालते. शिवाय एवढे बोलून होईपर्यंत पंधरावीस सेकंद गेलेले असतात आणि स्वागत अजून कुणाचेच झालेले नसते. सुरुवातीचे वाक्य तपासायची कसोटी इथेच सापडते. ते दुसऱ्या कार्यक्रमात उचलून ठेवता येत असेल, तर ते आपल्या कार्यक्रमाचे नाही. गावाचा उल्लेख करूच नये असे नाही, पण त्या दिवसाशी त्याचा काही संबंध हवा. 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमात कुसुमाग्रजांचे नाव आपसूक येते, कारण तो दिवसच त्यांच्या जन्मदिनाचा. गॅदरिंगमध्ये ते नुसते सजावटीला येते.

एक कार्यपत्रिका सोडवून पाहू

समजा, कार्यपत्रिकेवर हे मुद्दे आहेत : प्रमुख पाहुण्या – शाळेच्या माजी विद्यार्थिनी, सध्या रुग्णालयात परिचारिका. अध्यक्ष – शाळा समितीचे अध्यक्ष. पालकांची मोठी उपस्थिती. कार्यक्रमाचे सूत्र – ‘आपली गोदावरी’. वेळ – दोन मिनिटे.

लिहायला बसण्याआधी वेळेचा हिशेब करावा. व्यासपीठावरून, माइकसमोर, ऐकणाऱ्याला समजेल अशा गतीने शाळकरी मुलगा मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे मराठी शब्द बोलतो. म्हणजे दोन मिनिटांत दोनशे ते अडीचशे शब्द मावतात. घड्याळाचा दुसराही एक धाक आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक वाजवता येत नाही. पाहुणे उशिरा आले आणि स्वागत लांबले, तर कात्री लागते ती शेवटी ठेवलेल्या पहिली-दुसरीच्या मुलांच्या नाचाला.

मग संबोधन. आपल्याकडे प्रथा अशी की आधी अध्यक्ष, मग प्रमुख पाहुणे, त्यानंतर संस्थेचे पदाधिकारी, मुख्याध्यापक, शिक्षक, पालक आणि शेवटी विद्यार्थी. पुढचे वक्ते ‘सन्माननीय व्यासपीठ’ म्हणून ही सगळी यादी दोन शब्दांत उरकू शकतात. स्वागत करणाऱ्याला ती सवलत नाही, कारण नाव घेणे हेच त्याचे काम आहे. मात्र प्रत्येक नावामागे सन्माननीय, आदरणीय, वंदनीय अशी तीन विशेषणे लावली की नाव ऐकूच येत नाही. एक पुरे. कागदावर ‘मा. श्री.’ असे लिहिलेले असते, ते वाचताना ‘माननीय श्री’ असे पूर्ण उच्चारायचे. घाईत वाचणारी मुले नेमकी तिथे ‘मा श्री’ म्हणून मोकळी होतात, म्हणून भाषणाच्या प्रतीत हा शब्द आधीच पूर्ण लिहून ठेवावा.

बाईंच्या नावाआधी काय लावायचे हा नाजूक प्रश्न आहे. सरकारी कागदपत्रांत ‘श्रीमती’ सर्रास वापरतात, पण जुन्या पिढीतल्या अनेकांच्या कानाला तो शब्द अजून खटकतो, कारण त्यांच्या घरी तो विधवांसाठी वापरला जात असे. ‘सौ.’ लिहायचे तर माहिती खरी असावी लागते. सर्वांत सोपा उपाय म्हणजे पाहुण्यांना आदल्या दिवशीच फोन करून नाव कसे घ्यायचे ते विचारणे. त्याच फोनवर आडनावाचा उच्चारही पक्का करून घेता येतो. कार्यपत्रिकेत नाव दिलेले नसेल, तर मनाने रचू नये, रेघ मारून जागा सोडावी.

आता उत्तर लिहू.

‘समारंभाचे अध्यक्ष माननीय श्री. ——, प्रमुख पाहुण्या श्रीमती ——, मुख्याध्यापिका बाई, सर्व शिक्षक, पालक आणि मित्रमैत्रिणींनो, नमस्कार.

संध्याकाळची थंडी वाढली आहे, तरी मैदान शेवटच्या रांगेपर्यंत भरलं आहे. कोणी दुकान लवकर बंद करून आलं आहे, कोणी बागेतलं काम उद्यावर टाकून, तर कोणी धाकट्याला कडेवर घेऊन. रंगमंचामागून आम्ही हे सगळं पाहत होतो. विद्यार्थ्यांच्या वतीनं तुम्हा सर्वांचं मनापासून स्वागत.

आजच्या प्रमुख पाहुण्या श्रीमती —— याच शाळेत शिकल्या. याच मैदानावर त्या प्रार्थनेला उभ्या राहत होत्या. आता त्या रुग्णालयात परिचारिका आहेत. दिवसपाळी-रात्रपाळी करणाऱ्यांना अशी मोकळी संध्याकाळ सहज मिळत नाही, हे आमच्यापैकी अनेकांना घरच्या अनुभवानं ठाऊक आहे. मिळालेली संध्याकाळ त्यांनी आम्हाला दिली. ताई, तुमच्याच शाळेत तुमचं स्वागत.

अध्यक्ष श्री. —— यांना आम्ही एरवी शाळा समितीच्या बैठकीला जाताना पाहतो. आज ते आमची नाटकं आणि गाणी पाहायला आले आहेत. सर, तुमचंही मनापासून स्वागत.

आमच्या कार्यक्रमाचं सूत्र आहे ‘आपली गोदावरी’. ब्रह्मगिरीवर उगम पावणारी ही नदी आपल्या शहरातून वाहत जाते आणि आंध्र प्रदेशात समुद्राला मिळते. एवढा लांबचा प्रवास एका संध्याकाळी आम्हाला जमणार नाही. म्हणून आम्ही तुम्हाला तिच्या काठावरच्या माणसांकडे नेणार आहोत : फुलं विकणाऱ्या आजी, बाजारात भाजी घेऊन येणारे शेतकरी, घाट झाडणारे कामगार आणि नदीत कचरा टाकू नका म्हणून भांडणारी मुलं.

या भूमिका करणारे काही कलाकार पहिलीतले आहेत. एखादा मध्येच संवाद विसरला, तर टाळी वाजवा. त्याला नक्की आठवेल. पुन्हा एकदा तुम्हा सर्वांचं स्वागत. चला, गोदाकाठी जाऊ या.’

प्रत्येक परिच्छेदाचे काम

भाषण दोनशेच्या आसपास शब्दांचे आहे. टाळ्यांना आणि श्वासाला जागा धरून ते दोन मिनिटांत बसते.

सुरुवातीला मैदान आहे. थंडीचा उल्लेख त्या ऋतूचा, त्या संध्याकाळचा आहे. डिसेंबर-जानेवारीत निफाडच्या बाजूला पारा इतका खाली येतो की द्राक्षे वाचवायला शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. द्राक्षाच्या ऐन हंगामात बाग सोडून येणे म्हणजे काय, हे तिथल्या पालकांना सांगावे लागत नाही. ‘बागेतलं काम उद्यावर टाकून’ एवढे म्हटले की ज्यांना कळायचे त्यांना कळते. शाळा शहराच्या मध्यात असेल आणि पालक औद्योगिक वसाहतीत कामाला जात असतील, तर ‘बागेतलं काम’ काढून ‘पाळी बदलून’ असे लिहावे. स्थानिक रंग म्हणतात तो असा, समोर बसलेल्यांच्या कामातून येतो.

‘मैदान शेवटच्या रांगेपर्यंत भरलं आहे’ या वाक्याला एक धोका आहे. ते आठवडाभर आधी लिहिलेले असते. त्या दिवशी मागच्या चार रांगा रिकाम्या असतील तर लोक हसतील. म्हणून अशा वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारून ठेवावी आणि रंगमंचावर जाण्याआधी एकदा बाहेर डोकावून पाहावे.

पाहुण्यांच्या परिच्छेदात त्यांची कामगिरी नाही. ती परिचय करून देणारा सांगेल. इथे एकच गोष्ट घेतली आहे : त्या या शाळेच्या होत्या आणि त्यांनी वेळ काढला. स्वागतासाठी पाहुण्याबद्दलची एवढीच माहिती लागते, त्याचे इथे येणे ज्यामुळे विशेष ठरते ती. पदव्यांची यादी वाचली की पाहुणा मोठा होतो, पण लांब जातो. त्यांना ‘ताई’ म्हटले आहे ते त्या माजी विद्यार्थिनी आहेत म्हणून. पाहुण्या जिल्हाधिकारी असत्या आणि शाळेशी त्यांचे नाते नसते, तर तिथे ‘मॅडम’ योग्य ठरले असते. नाते आणि आदर यांचा तोल असा पाहुण्यागणिक ठरवावा लागतो.

हा परिच्छेद स्वतंत्र ठेवण्याला एक व्यवहारी कारणही आहे. पाहुणे ऐनवेळी येऊ शकत नाहीत, असे मोठ्या व्यासपीठांवरही घडते. नाशिकच्या 94व्या साहित्य संमेलनाला अध्यक्ष नारळीकर प्रकृतीमुळे प्रत्यक्ष उपस्थित राहू शकले नव्हते. शाळेत असे झाले तर ‘पाहुण्यांचे स्वागत करतो, पण ते आलेले नाहीत’ अशी कसरत करायची नाही. तो परिच्छेद सबंध गाळायचा, संबोधनातले नाव काढायचे, आणि बाकी भाषणाला धक्का लागत नाही. पाहुण्यांचा उल्लेख चार ठिकाणी पसरवून ठेवला असेल, तर मात्र व्यासपीठावर उभ्या मुलाची तारांबळ उडते.

गोदावरीचा परिच्छेद मुद्दाम पाहण्यासारखा आहे. नदीचे नाव इथेही आले, पण कार्यक्रमाचेच सूत्र ते आहे म्हणून. आणि ते ‘पावन’, ‘पुण्यसलिला’ असे न येता भूगोलाच्या एका साध्या वस्तुस्थितीतून येते आणि लगेच रंगमंचावर काय दिसणार तिकडे वळते. कार्यक्रमाची सगळी यादी इथे वाचली असती तर सूत्रसंचालकाला पुढे काही उरले नसते. चार माणसे सांगितली, उत्सुकता निर्माण झाली, बस.

शेवट कुठे करायचा

स्वागताच्या भाषणाचे सर्वाधिक नुकसान शेवटी होते. मुले ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो, जय हिंद, जय महाराष्ट्र’ असा शेवट करतात. तो स्पर्धेतल्या भाषणाचा शेवट आहे. तिथे भाषण संपले की बोलणाऱ्याचे काम संपते. स्वागताचे भाषण संपते तेव्हा कार्यक्रम सुरू होत असतो, म्हणून त्याचा शेवट पुढे उघडणारा हवा. आमच्या नमुन्यात शेवटचे वाक्य ‘चला, गोदाकाठी जाऊ या’ असे आहे, ते त्यासाठी. श्रोत्याची नजर बोलणाऱ्यावरून सरकून रंगमंचावर जाते.

शेवटी आभार मानण्याचाही मोह होतो. ‘पाहुण्यांनी आमचे निमंत्रण स्वीकारले याबद्दल त्यांचे आभार’ हे वाक्य सभ्य वाटते, पण ते आभाराच्या भाषणातून उचललेले असते. कार्यक्रमाच्या दारातच आभार मानले की निरोपाचा सूर लागतो. ‘आता मी मुख्याध्यापिकांना प्रास्ताविकासाठी विनंती करतो’ हेही नको. ती विनंती सूत्रसंचालकाची. दोघांनीही ती केली की मुख्याध्यापिका दोनदा उठतात.

विनोदाची जागा शेवटाच्या जवळ आहे आणि तो विनोद स्वतःच्या बाजूवर आहे. संवाद विसरणाऱ्या पहिलीतल्या मुलाबद्दल आधीच सांगितल्याने ते मूल खरोखर अडखळले तर प्रेक्षक त्याच्या बाजूने उभे राहतात. अध्यक्षांच्या उशिरा येण्यावर किंवा पालकांच्या मोबाइलवर केलेला विनोद मात्र स्वागताला मारतो. ज्याचे स्वागत करायचे त्यालाच चिमटा काढायचा नसतो.

भाषेच्या दोन गाठी

पहिली गाठ ‘आपण’ आणि ‘तुम्ही’ची. ‘आपले स्वागत’ हे औपचारिक आणि रुळलेले आहे. पण आपल्या भाषेत ‘आपण’मध्ये बोलणाराही येतो, त्यामुळे ‘आपल्या शाळेत आपले स्वागत’ म्हटले की कोणाचे काय, हा घोळ होतो. नमुन्यात श्रोत्यांसाठी सगळीकडे ‘तुम्ही’ ठेवले आहे आणि ‘आपली’ हे नदी आणि शहर या सामायिक गोष्टींसाठी राखले आहे. औपचारिक समारंभात ‘आपण’ निवडले तरी चालते. चालत नाही ते एका वाक्यात ‘आपले स्वागत’ आणि पुढच्यात ‘तुम्ही आलात’ अशी सरमिसळ.

दुसरी गाठ ‘स्वागत करतो’ की ‘करते’ एवढी वरवर दिसते, पण ती मुळात कोणाच्या वतीने बोलायचे याची आहे. विद्यार्थी प्रतिनिधी शाळेच्या, संस्थेच्या आणि व्यवस्थापनाच्या वतीने स्वागत करू लागला की त्याच्या तोंडी मोठ्यांचे शब्द येतात. ‘विद्यार्थ्यांच्या वतीनं’ म्हटले की ‘रंगमंचामागून आम्ही पाहत होतो’ असे खरे वाक्य लिहिता येते. मुख्याध्यापकांना ते वाक्य लिहिता येणार नाही. भाषणाचा सूर विशेषणांवरून ठरवायला गेले तर हाती काही लागत नाही. बोलणारा कोण आहे हे पक्के केले की सूर आपोआप लागतो.

बोलीतले ‘आपलं, मनापासूनचं’ लिहायचे की प्रमाण लेखनातले ‘आपले, मनापासूनचे’, हे कार्यपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकांवर अवलंबून असते. भाषण बोलण्यासाठी असते म्हणून अनुस्वाराची रूपे मान्य व्हायला हरकत नाही. एकदा निवडलेले रूप शेवटपर्यंत टिकवले पाहिजे एवढेच.

कार्यपत्रिका तपासणाऱ्यांनीही एक बदल करून पाहावा. ‘प्रभावी सुरुवात, सुसंगत मांडणी, योग्य शेवट’ असे गुणांचे तक्ते असतात, त्यांत अलंकारिक सुरुवातीला पैकीच्या पैकी गुण जातात आणि मुले पुढच्या वर्षी तेच लिहितात. त्याऐवजी उत्तर वाचून तीन प्रश्न विचारावेत : हे भाषण शेजारच्या शाळेत चालेल का? यात अहवाल, परिचय किंवा आभार शिरले आहेत का? मोठ्याने वाचल्यावर ते दिलेल्या वेळेत संपते का? पहिल्या दोहोंचे उत्तर ‘नाही’ आणि तिसऱ्याचे ‘हो’ आले, तर भाषेत चारदोन चुका असल्या तरी ते स्वागताचे चांगले भाषण आहे, आणि गुणही त्यालाच द्यावेत.